सिस-ट्रान्सचा नियम पाठ करण्याआधी बाण काढा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या बहुतेक मुलांच्या वहीत मला एक ओळ हमखास सापडते: ‘सिसचा उत्कलनांक जास्त, ट्रान्सचा द्रवणांक जास्त.’ बऱ्याच संयुगांना ती लागू पडते, पण कारण ठाऊक नसेल तर नेमक्या वेळी दगा देते. म्हणून मी आधी २-ब्युटीन फळ्यावर काढते.

दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर एकेक मिथाइल गट आणि एकेक हायड्रोजन असतो. मिथाइल गट एकाच बाजूला असले तर सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स. बंध फिरवून एकाचं दुसरं करायचं तर दुहेरी बंधातला π बंध तोडावा लागतो, आणि तेवढी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळत नाही. त्यामुळे ही दोन खरोखर वेगळी संयुगं आहेत, वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवता येतील अशी.

आता प्रत्येक मिथाइलकडून दुहेरी बंधाकडे एक बाण काढा, कारण मिथाइल गट थोडे इलेक्ट्रॉन तिकडे ढकलतो. ट्रान्समध्ये दोन्ही बाण एकमेकांना पूर्ण रद्द करतात. सिसमध्ये थोडी ध्रुवीयता उरते, रेणू एकमेकांना जरा जास्त धरून ठेवतात. म्हणून सिस सुमारे ३.७ अंश सेल्सिअसला उकळतं, ट्रान्स ०.९ अंशाला. फरक छोटाच आहे, कारण ध्रुवीयताच मुळात छोटी आहे. मिथाइलच्या जागी क्लोरीन घातला की तो ठळक होतो: १,२-डायक्लोरोइथीनचं सिस रूप सुमारे ६० अंशांना उकळतं, ट्रान्स ४८ च्या आसपास.

द्रवणांकाला मात्र हे बाण पुरत नाहीत. तिथे रेणू स्फटिकात किती नीट रचले जातात ते पाहायचं. ट्रान्स २-ब्युटीन सरळसर, सममित असतं. कोनात वाकलेलं सिस तितकं घट्ट बसत नाही. म्हणून ट्रान्स उणे १०६ अंशांच्या आसपास वितळतं आणि सिस त्याच्याही बरंच खाली, उणे १३९ ला. एकाच जोडीत दोन क्रम उलटे का, याचं उत्तर इतकंच की द्रव उकळणं आणि स्फटिक मोडणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

मग मी १-क्लोरोप्रोपीन देते. इथे एका कार्बनवर मिथाइल, दुसऱ्यावर क्लोरीन. पाठांतरवाली मुलं लगेच सिसचा उत्कलनांक जास्त सांगतात. पण बाण काढून पाहा: मिथाइल इलेक्ट्रॉन ढकलतो, क्लोरीन ओढतो. ट्रान्समध्ये दोन्ही बाण एकाच दिशेने जातात आणि बेरीज होते. सिसमध्ये ते एकमेकांना काही अंशी कापतात. त्यामुळे इथे ट्रान्सच अधिक ध्रुवीय आहे. ते ३७ अंशांच्या सुमारास उकळतं, तर सिस ३३ च्या सुमारास.