आयगेन व्हॅल्यू काढताना या चुका टाळा: गणित एक, चुकीची उत्तरं तीन

राजारामपुरीत संध्याकाळी मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित शिकवतो. आयगेन व्हॅल्यूचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर हीच मॅट्रिक्स लिहितो, कारण नेहमीच्या चुका हिच्यात हमखास सापडतात.

```
A = | 4  -2 |
    | 1   1 |
```

आधी आपल्याला काय हवंय ते बघू. एखाद्या व्हेक्टरला या मॅट्रिक्सनं गुणलं, की बहुतेक वेळा त्याची दिशा बदलते. पण (1, 1) घेऊन बघा, उत्तर (2, 2) येतं. दिशा तीच, लांबी फक्त दुप्पट. ही दुपटीची 2 म्हणजे आयगेन व्हॅल्यू, आणि (1, 1) हा तिचा आयगेन व्हेक्टर. अशा संख्येला λ म्हणू. ती शोधायची तर मुख्य कर्णावरच्या दोन्ही संख्यांतून λ वजा करायचा आणि निश्चयक शून्य धरायचा. दहावीला क्रेमरच्या पद्धतीत शिकलो तोच निश्चयक.

```
(4 - λ)(1 - λ) - (-2)(1) = 0
λ² - 5λ + 6 = 0
```

ही डावीकडची राशी म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल. तिची मुळं 2 आणि 3, त्याच आयगेन व्हॅल्यू.

आता वह्या उघडू.

"सर, वर्गमुळात 17 आलाय. असं असतंय का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. असतंय की, पण इथं नाही. पठ्ठ्यानं −(−2)(1) चं +2 करायच्या ऐवजी −2 केलं होतं. समीकरण झालं λ² − 5λ + 2 = 0. मुळं साधारण 4.56 आणि 0.44. यांची बेरीज 5, आणि मॅट्रिक्सच्या कर्णाची बेरीजही 4 + 1 = 5. त्यामुळे त्याला वाटलं, ताळा जुळला. पण ही चूक मधल्या पदाला हातच लावत नाही, ती शेवटच्या पदात असते. म्हणून मुळांचा गुणाकारही निश्चयकाशी ताडून बघायचा. निश्चयक 6, याचा गुणाकार 2.

यातही एक मेख आहे. ज्याचा हात उणे-उणेला चुकतो, तो निश्चयक काढतानाही तिथंच चुकतो आणि 4 − 2 = 2 लिहून मोकळा होतो. मग चुकीचा ताळा चुकीच्या उत्तराशी छान जुळतो. म्हणून माझा भरवसा दुसऱ्या ताळ्यावर जास्त आहे: आलेला λ मॅट्रिक्सच्या कर्णातून वजा करा आणि दोन ओळी एकमेकींच्या पटीत आहेत का बघा. λ = 2 घेतला तर ओळी (2, −2) आणि (1, −1). पहिली दुसरीच्या दुप्पट, म्हणजे बरोबर. 4.56 घेतला तर (−0.56, −2) आणि (1, −3.56). पहिल्या स्तंभात पट −0.56, दुसऱ्यात +0.56. चिन्ह कुठं घसरलं ते मॅट्रिक्सच सांगते. हे न बघता चुकीच्या λ चा व्हेक्टर (x, y) काढायला गेलं की x = 0, y = 0 एवढंच उत्तर मिळतं आणि पोरं बिनधास्त (0, 0) हाच आयगेन व्हेक्टर म्हणून लिहितात. शून्य व्हेक्टर आयगेन व्हेक्टर नसतोच. तो आला की मागं फिरा, λ चुकलाय.

दुसरी चूक हुशार पोरांची. रँक काढून काढून हाताला सवय लागलेली असते, म्हणून आधीच ओळी सोप्या करून घेतात. एकीनं पहिल्या ओळीतून दुसरीची चौपट वजा केली. ओळी झाल्या (0, −6) आणि (1, 1). निश्चयक अजून 6 च, पण कर्णाची बेरीज 5 ची 1 झाली. समीकरण λ² − λ + 6 = 0, आणि वर्गमुळात −23. ओळींवरच्या क्रियेनं मॅट्रिक्सच बदलली, मग आयगेन व्हॅल्यूही दुसऱ्याच मॅट्रिक्सच्या आल्या. λ वजा करून झाल्यावर, व्हेक्टर काढताना, ओळी खुशाल सोप्या करा. त्याआधी नाही.

तिसरी ओळखायला सोपी. चारही जागांतून λ वजा केला की λ² कापला जातो, कुठलीही मॅट्रिक्स घ्या. इथं 6(1 − λ) = 0 उरतं आणि एकच मूळ मिळतं. समीकरणात वर्ग दिसला नाही की पेन तिथंच थांबवा.

मात्र वर्गमुळात उणे संख्या आली म्हणून घाबरून सगळं खोडू नका. ही बघा:

```
| 0  -1 |
| 1   0 |
```

हिचं समीकरण λ² + 1 = 0. बेरीज 0, गुणाकार 1, दोन्ही जुळतात, आणि तरी वास्तव मूळ एकही नाही. ही मॅट्रिक्स प्रतलातला प्रत्येक व्हेक्टर 90 अंशांत फिरवते. मग दिशा न बदलणारा व्हेक्टर तिच्यात सापडणार कुठून?