प्रेस शॉपमधली तोंडी ताकीद नोटीस बोर्डावर लावताना या चुका टाळा

सांगली-मिरज आणि कुपवाडच्या एमआयडीसीत फिरलात तर छोट्या प्रेस शॉपमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. जॉब डायमध्ये अडकतो, ऑपरेटर वाकतो आणि मागून सुपरवायझर ओरडतो, "आरं थांब! हात घालू नगंस. चाक फिरतंय अजून, दिसत न्हाई का?" त्या ओरडण्यात सगळं असतं: काय करायचं नाही, का करायचं नाही आणि धोका नेमका कुठे आहे. पुढे एखादा प्रसंग थोडक्यात टळतो, ऑफिसमधून "लेखी नोटीस काढा" असा निरोप येतो आणि बोर्डावर कागद लागतो:

"सर्व संबंधित कामगारांना सूचित करण्यात येते की, यंत्र सुरू असताना त्यात हात घालण्यात येऊ नये व काम करताना योग्य ती खबरदारी घेण्यात यावी. सूचनेचे उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल."

भाषा शुद्ध, खाली सही-शिक्का. पण सुपरवायझरला जे माहीत होतं त्यातलं काहीच इथे उरलेलं नाही, आणि एका जागी तर हा कागद धोकादायकरीत्या चुकीचा आहे.

धोकाच चुकीचा लिहिला जातो

"यंत्र सुरू असताना" हे शब्द पाहा. ऑपरेटरच्या दृष्टीने मोटरचं बटण दाबलं की यंत्र बंद. मग हात घालायला हरकत काय? नोटीस तर पाळली!

आपल्याकडच्या अनेक छोट्या शॉपमध्ये अजून पिन क्लच किंवा की क्लचचे पॉवर प्रेस आहेत. त्यांची मोटर बंद केली तरी जड फ्लायव्हील बराच वेळ स्वतःच्या वेगाने फिरत राहतं. तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर क्लच गुंततो आणि त्या चाकात शिल्लक असलेली ताकद रॅमला खाली आणते. या जातीच्या क्लचमध्ये स्ट्रोक एकदा सुरू झाला की मध्येच थांबवता येत नाही, फेरा पूर्णच होतो. क्लचची पिन झिजली असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल, तर पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. "चाक फिरतंय अजून" हे सुपरवायझरचं वाक्य म्हणूनच मोलाचं होतं, आणि नेमकं तेच मसुद्यातून गळलं.

लिहायला बसण्याआधी ताकीद देणाऱ्या माणसाला मशीनपाशी उभं करा आणि विचारा, "मामा, तुम्ही कधी ओरडता? तेव्हा तुम्हाला काय दिसलेलं असतं?" तो जे दाखवेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. फ्लायव्हील, पेडल, चिमटा, सेटर हे शॉपमधले शब्द तसेच ठेवा. "गतिपालक चक्र" लिहिलंत तर वाचणारा क्षणभर अडखळेल, आणि या नोटिशीत तेवढा क्षणही महाग आहे.

सांगतंय कोण आणि कुणाला, हेच हरवतं

"हात घालण्यात येऊ नये" या वाक्यात हात कुणाचा आहे ते कळत नाही. कचेरीच्या पत्रव्यवहारात ही रचना चालते, कारण तिथे जबाबदारी पदाची असते. मशीनवर हात एका माणसाचा असतो. "डायमध्ये हात घालू नका" एवढंच लिहा. आज्ञार्थी वाक्य उद्धट होईल अशी भीती बाळगू नका. "नका", "थांबा", "काढा" ही आदरार्थी रूपंच आहेत. औपचारिकपणा नोटीस क्रमांक, तारीख, मशीन क्रमांक आणि सहीतून येऊ द्या, त्यासाठी क्रियापद लांबवायची गरज नाही.

"योग्य ती खबरदारी" हेही काढून टाका. योग्य काय ते ठरवायचं काम लिहिणाऱ्याचं आहे. ते त्याने केलं नाही, तर टार्गेट डोक्यावर असलेला हेल्पर रात्रपाळीत स्वतःच्या हिशेबाने ठरवतो.

धमकीलाच तातडी समजलं जातं

मसुदा थंड वाटला की लोक दोन गोष्टी करतात. अख्खा कागद लाल ठळक अक्षरांत छापतात, नाहीतर खाली "कारवाई करण्यात येईल" जोडतात. पहिल्याने फारसं बिघडत नाही, पण चार नोटिसा तशा लागल्या की पाचवीकडे कुणी पाहत नाही. दुसरं मात्र खरोखर घातक आहे. कारवाईची ओळ वाचून कामगार एवढंच शिकतो की पकडलं जायचं नाही. बोट थोडक्यात वाचलं हे तो कुणाला सांगत नाही, आणि झिजलेल्या पिनची खबर त्याच्याबरोबरच घरी जाते.

ओरडण्यात तातडी येते ती परिणाम डोळ्यांपुढे उभा राहिल्यामुळे. म्हणून परिणाम साध्या शब्दांत लिहा: "रॅम खाली येतो, बोटं तुटतात." ऑफिसमध्ये कुणी म्हणेल, फार भडक होतंय, "गंभीर इजा होऊ शकते" असं करा. ते मान्य करू नका. जे घडतं तेच लिहिलेलं आहे.

त्याच्या जोडीला एक गोष्ट हवी, जी तोंडी सांगताना सुपरवायझर देऊ शकत नाही आणि नोटीस देऊ शकते: थांबण्याची परवानगी. ऑपरेटर हात घालतो तो धोका कळत नाही म्हणून क्वचितच. मेन बंद करून चाक थांबेपर्यंत वाट पाहिली तर जॉबची संख्या कमी भरेल, म्हणून तो हात घालतो. त्यामुळे "यात गेलेल्या वेळेमुळे जॉब कमी भरले, तर ते तुमच्यावर धरलं जाणार नाही" ही ओळ प्रॉडक्शन मॅनेजरच्या सहीने यायलाच हवी. ती सही द्यायला मॅनेजर तयार नसेल, तर खरी अडचण नोटिशीच्या भाषेत नाही. ती सही मिळेपर्यंत मी तरी कागद लावणार नाही.

आता तीच ताकीद, नोटीस म्हणून

समजा प्रेस क्रमांक ४ पिन क्लचचा आहे, पेडलवर चालतो आणि त्याच्या मेन स्विचला कुलूप लावायची सोय आहे. नोटीस अशी होईल:

> प्रेस क्र. ४: जॉब किंवा स्क्रॅप डायमध्ये अडकल्यास
>
> डायमध्ये हात घालू नका. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरत असतं. रॅम खाली येतो, बोटं तुटतात.
>
> १. पेडलवरून पाय काढा. मोटर बंद करा.
> २. मेन स्विच बंद करून कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.
> ३. फ्लायव्हीलवरचा पांढरा पट्टा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा.
> ४. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा.
> ५. जॉब चिमट्याने काढा.
> ६. ब्लॉक आणि चिमटा बाहेर काढल्यावरच कुलूप उघडा.
>
> जॉब निघाला नाही, रॅम खालीच अडकला किंवा पेडल न दाबता रॅम खाली आला, तर काहीही करू नका. मेनला कुलूप लावून सेटरला बोलवा.
>
> यात गेलेल्या वेळेमुळे जॉब कमी भरले, तर ते तुमच्यावर धरलं जाणार नाही.
>
> (नोटीस क्रमांक, तारीख, प्रॉडक्शन मॅनेजरची सही)

तिसऱ्या पायरीत "पाच मिनिटं थांबा" असं लिहिलेलं नाही. चाक थांबायला लागणारा वेळ प्रत्येक प्रेसचा वेगळा असतो, आणि घाईत पाच मिनिटांची दोन होतात. डोळ्यांना दिसणारी खूण फसवत नाही. पण फ्लायव्हीलवर बंद पत्र्याचं गार्ड असेल तर पट्टा दिसणारच नाही. तिथे आधी जाळीचं गार्ड बसवून घ्या, नाहीतर ही पायरी कागदावरच राहील.

चौथ्या पायरीचीही एक मर्यादा आहे. रॅम आपल्या वजनाने खाली घसरू नये म्हणून ब्लॉक असतो. प्रेसचा चालू स्ट्रोक अडवणं हे त्याचं काम नाही. म्हणून कुलूप आणि चाक थांबणं या गोष्टी ब्लॉकच्या आधीच आल्या पाहिजेत. मसुदा कुणी "सुटसुटीत" करताना हा क्रम बदलू नये, यावर लक्ष ठेवा.

हेल्मेट, बूट, तंबाखू, मोबाईल यांच्या सूचना या कागदावर घालू नका. त्यांची जागा वेगळी.

लावायची जागा चुकते

१९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या कलम १०८ ने कायद्याने लागणाऱ्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य दरवाज्याजवळ ठळक जागी लावायला सांगितलं होतं. त्या सवयीने प्रत्येक कागद गेटवर जातो. पण जॉब अडकतो तेव्हा ऑपरेटर गेटवर नसतो. हा कागद प्रेसवरच, स्टॉप बटणाजवळ, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. तो गार्डवर चिकटवू नका. गार्ड उघडलं की नोटीस बाजूला जाते, आणि धोका तेव्हाच सुरू होतो.

भाषेचंही तसंच. मिरजेकडच्या शॉपमध्ये कन्नड बोलणारे कामगार असतात, कंत्राटी मुलांमध्ये हिंदीवाले असतात. मराठी मसुदा पक्का झाला की त्याच शॉपमधल्या, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या ऑपरेटरकडून तो त्या भाषेत करून घ्या. ज्याला वाचायला जमत नाही त्याच्यासाठी सहा पायऱ्यांचे सहा फोटो त्याच प्रेसवर काढून शेजारी लावा.

"समजलं का?" विचारून मोकळं होणं

या प्रश्नाला उत्तर एकच येतं, "हो साहेब." त्याऐवजी प्रेस बंद असताना सगळ्यात नव्या हेल्परला नोटिशीपुढे उभं करा आणि म्हणा, "जॉब अडकलाय असं समज. करून दाखव." तो कुलूप शोधायला लागला, तर कुलूप मशीनपाशी नाही. चौथ्या पायरीला तो इकडेतिकडे पाहू लागला, तर सेफ्टी ब्लॉक कुठे ठेवलाय ते त्याला ठाऊक नाही. जिथे तो थबकेल तिथे मसुदा दुरुस्त करा किंवा वस्तू जागेवर आणा.

आठवड्याभराने पुन्हा एक चक्कर मारा, शक्यतो रात्रपाळीत. ब्लॉकवर धूळ बसली असेल, कुलपाची किल्ली खिळ्याला लटकत असेल, चिमटा कपाटात बंद असेल, तर नोटीस वाचली गेली असली तरी पाळली जात नाही. तेव्हा आधी ऑपरेटरला शांतपणे विचारा, कुठली पायरी जमत नाही. बहुतेक वेळा उत्तर वस्तूचं निघतं: चिमटा आखूड आहे, स्विच लांब आहे, एकच कुलूप तीन प्रेसना आहे.

आणि एखादी नोटीस तात्पुरत्या धोक्यापुरती असेल, जसं की "क्लचची स्प्रिंग बदलेपर्यंत प्रेस क्र. ४ चालवू नका", तर ती कुणी आणि कधी काढायची हे तिच्यावरच लिहा. स्प्रिंग बदलून प्रेसची चाचणी झाली की मेंटेनन्सवाल्याने सही करून तो कागद त्याच दिवशी उतरवावा. दुरुस्तीनंतरही तो तिथेच राहिला, तर चालू प्रेसवर "चालवू नका" असं लिहिलेलं पोरं रोज पाहतील, आणि पुढच्या वेळी ते खरं असतानाही प्रेस चालवतील.