बेडरूमचं फॉल्स सीलिंग: बोर्ड चढवण्याआधी काय काय पक्कं हवं

नमस्कार,

बेडरूमच्या सीलिंगचं काम सुरू करण्याआधी मापं आणि फिक्सिंग लिहून देत आहे. हा कागद साइटवर सुताराकडे आणि वायरमनकडे, दोघांकडेही असू द्या. लाइटची जागा एकाच्या हातात आणि चॅनेलची जागा दुसऱ्याच्या हातात राहिली, तर भोक नेमकं पत्र्यावर येतं.

खोली प्लास्टरनंतर ४२७० मिमी लांब आणि ३६६० मिमी रुंद आहे. स्लॅबची उंची २९०० मिमी. साधं सपाट सीलिंग करायचं आहे, कोव्ह नको. स्लॅबपासून बोर्डाच्या खालच्या अंगापर्यंत १५० मिमी अंतर ठेवा. सहा डाउनलाइट आणि मधोमध एक पंखा आहे. डाउनलाइटचा कटआउट ९५ मिमी. लांबीच्या दिशेने लाइटचे मध्यबिंदू एका भिंतीपासून ७१२, २१३५ आणि ३५५८ मिमीवर येतील, रुंदीच्या दिशेने दोन ओळी ९१५ आणि २७४५ मिमीवर. पंखा २१३५ आणि १८३० वर. हे सगळे बिंदू आधी जमिनीवर आखा आणि ओळंब्याने किंवा लेसरने स्लॅबवर न्या. स्लॅबवर खुणा झाल्याशिवाय एकही चॅनेल कापू नका.

आता फ्रेमचं. नेहमीच्या पद्धतीने पहिला सीलिंग सेक्शन भिंतीपासून ४५७ मिमीवर लावला आणि पुढे दर ४५७ वर एक असं गेलं, तर आठवा सेक्शन ३६५६ वर येतो. शेवटच्या लाइटचा मध्य ३५५८ वर आहे, म्हणजे दोघांत फक्त ९८ मिमी राहतात. सेक्शनचा तळ ८० मिमी धरला तर त्याची अर्धी रुंदी ४०, कटआउटची अर्धी रुंदी ४७.५, आणि मध्ये उरतात जेमतेम १० मिमी. भोक तर पडेल, पण लाइटची स्प्रिंग उघडायला जागा मिळणार नाही. मग ऐन वेळी कोणीतरी सेक्शनचा काठ कापतो आणि तिथे बोर्डाला आधारच राहत नाही. महिन्याभरात त्या जागी केसासारखी चीर दिसू लागते. सेक्शन दोन्ही भिंतींपासून सारखे वाटून ३०७ पासून सुरू केले तर आणखी वाईट, कारण पाचवा सेक्शन बरोबर २१३५ वर, मधल्या लाइटच्या आणि पंख्याच्या डोक्यावर येतो.

म्हणून पहिला सेक्शन भिंतीपासून ७८ मिमीवर घ्या. त्यापुढे ५३५, ९९२, १४४९, १९०६, २३६३, २८२०, ३२७७, ३७३४ आणि ४१९१. एकूण दहा सेक्शन होतात आणि शेवटचा समोरच्या भिंतीपासून ७९ वर बसतो. यात प्रत्येक लाइटपासून जवळचा सेक्शन निदान १७६ मिमी लांब राहतो. सेक्शन रुंदीच्या दिशेने जातील, त्यामुळे ३६६० ची एक लांबी एका पट्टीत पुरते, मध्ये जोड येत नाही. भिंतीवरच्या पेरिमीटर चॅनेलमध्ये बसण्यापुरती ती थोडी कापा. पेरिमीटर चॅनेलला दर ६१० मिमीवर नायलॉन प्लग आणि स्क्रू. इथे प्लग चालतील, कारण भिंतीवरचा भार खाली दाबतो, प्लगला बाहेर ओढत नाही.

इंटरमिजिएट चॅनेल लांबीच्या दिशेने. दर १२२० मिमीवर एक या हिशोबाने तीन ओळी पुरतात, पण मधली ओळ १८३० वर, म्हणजे नेमकी पंख्याच्या दांड्यावर येते. त्यामुळे चार ओळी करा, ४५०, १३७०, २२९० आणि ३२१० मिमीवर. एक ओळ वाढते, पण पंख्याभोवती मोकळी चौकट मिळते आणि लाइटही दोन ओळींच्या बरोबर मध्ये पडतात. चॅनेल ३६६० चं येतं, त्यामुळे प्रत्येक ओळीत एक जोड लागणारच. जोडाला १५० मिमी एकावर एक घ्या आणि स्क्रू मारा. एका ओळीचा जोड एका टोकाला, शेजारच्या ओळीचा दुसऱ्या टोकाला. चारही जोड एका रेषेत आले तर सीलिंग तिथेच झुकतं. या हिशोबात पाच लांब्या चॅनेल आणि चाळीस कनेक्टिंग क्लिप लागतात.

हँगर प्रत्येक ओळीवर भिंतीपासून ३०५, १५२५, २७४५ आणि ३९६५ मिमीवर, म्हणजे सोळा. स्लॅबमध्ये मात्र नायलॉन प्लग अजिबात नको. क्लीट लोखंडी एक्स्पान्शन फास्टनरनेच बसवा. इथे भार सतत खाली ओढतो आणि नायलॉन हळूहळू सैल होत बाहेर सरकतं. फास्टनरची खोली काँक्रीटमध्ये मोजा. स्लॅबच्या तळाला प्लास्टर आहे आणि त्यातली लांबी पकडीत धरायची नाही. ड्रिलमधून पांढरट भुकटी येऊन मग करडी येऊ लागली की काँक्रीट लागलं समजायचं, माप तिथून. भोकातली धूळ ब्लोअरने काढा, नाहीतर फास्टनर फुगतो पण धरत नाही. हँगर चॅनेलला दोन स्क्रूंनी धरा, कारण एकाच स्क्रूवर तो फिरतो आणि लेव्हल जाते. बाइंडिंग वायरने लटकवलेला एकही हँगर चालणार नाही. सोळाच्या सोळा हँगर बोर्डाआधी हाताने जोरात ओढून बघा. जो किंचित खाली आला त्याचं भोक सोडून बाजूला नवीन करा.

वायरिंग फ्रेम झाल्यावर आणि बोर्डाच्या आधी. १.५ चौरस मिमी तांब्याची वायर कंड्युटमधून न्या आणि कंड्युट स्लॅबलाच सॅडलने धरा. बोर्डावर लोळणारी वायर नको. नंतर भोक पाडताना होल सॉच्या दाताखाली तीच येते. बाहेरचे चार लाइट एका स्विचवर, मधले दोन दुसऱ्यावर. प्रत्येक लाइटच्या बिंदूवर कंड्युटच्या तोंडातून निदान ५०० मिमी वायर लोंबती सोडा. एवढी असली तरच लाइट बोर्डाच्या खाली फूटभर काढून हातात धरून जोडता येतो. आखूड वायर राहिली की मागच्या मागे पीळ मारून टेप लावली जाते, आणि तो जोड तापला तरी कोणाला दिसत नाही. सर्व जोड कनेक्टरमध्ये, स्क्रू घट्ट. फिटिंगची बॉडी धातूची आहे, त्यामुळे अर्थ प्रत्येक लाइटपर्यंत पोचला पाहिजे. वायरिंग झाल्यावर ड्रायव्हर न जोडता ५०० व्होल्टचा मेगर लावा. रीडिंग १ मेगाओमच्या खाली आलं तर कुठेतरी स्क्रूने इन्शुलेशन सोललं आहे. ते आत्ता पाच मिनिटांत सापडतं, बोर्डानंतर सीलिंग फोडावं लागतं. त्याच वेळी भिंतीला टेप धरून फ्रेमचे आणि कंड्युटचे फोटो काढून मला पाठवा.

पंखा सीलिंगला कुठेही टेकता कामा नये. तो स्लॅबच्या हुकावर ४५० मिमी दांड्याने लटकेल, म्हणजे पाती बोर्डाच्या खाली ३०० मिमीवर आणि जमिनीपासून साधारण २४५० वर येतील. दांड्यासाठी बोर्डात १५० मिमीचं भोक ठेवा, म्हणजे हुकाचा बोल्ट आणि स्प्लिट पिन पुढेही खालून बघता येईल. भोकाच्या वर प्लायची रिंग बांधा आणि तिला २०० मिमीची गोल प्लेट स्क्रूने लावा. प्लेट आणि दांडा यांच्यात चारी बाजूंनी फट हवी. दांडा घासला तर पंख्याची थरथर बोर्डात उतरते आणि आधी जोडाच्या पट्टीवर दिसते. मधले दोन लाइट पंख्याच्या मध्यापासून ९१५ मिमीवर आहेत आणि १२०० मिमीच्या पंख्याचं पातं ६०० पर्यंत जातं. म्हणून त्या दोघांचा बीम ६० अंशांपेक्षा रुंद आणू नका. रुंद बीम फिरत्या पात्यांवर पडला की खोलीभर उजेड लुकलुकतो. बीमचा आकडा खोक्यावर असतो, खरेदीच्या वेळीच बघा.

बोर्ड १२.५ मिमी, टेपर कडेचा, १२२० बाय १८२९. तीन ओळी बरोबर बसतात. सेक्शन सरकवल्यामुळे तुकडे असे पडतील: पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत १४४९, मग पूर्ण बोर्ड, मग ९९३. मधल्या ओळीत ९९२, पूर्ण बोर्ड, मग १४५०. बोर्डाचं प्रत्येक आडवं टोक अशाने सेक्शनच्या मध्यावरच येतं आणि शेजारच्या ओळींचे जोड एका रेषेत येत नाहीत. एकूण नऊ बोर्ड लागतील, नेहमीपेक्षा एक जास्त. तो मला मान्य आहे. उरलेला तुकडा मध्ये घालून जोड हवेत सोडू नका.

२५ मिमीचे ड्रायवॉल स्क्रू, दर २३० मिमीवर. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत बसावं, पण कागद फाटता कामा नये. बोर्डाला कागद धरतो, आतलं जिप्सम नाही. कागद फाटला तर तो स्क्रू नसल्यासारखाच, शेजारी दुसरा मारा. जोडावर आधी कंपाउंड, त्यात कागदी टेप दाबून, मग वरचे हात. कापलेल्या टोकांना टेपर नसतो, त्यामुळे तिथे कंपाउंड रुंद पसरवा, नाहीतर तिरप्या उजेडात उंचवटा दिसतो. खोलीतलं ओलं प्लास्टरचं काम तोवर संपलेलं हवं.

लाइटची भोकं जोड भरून प्रायमर झाल्यावर, हातात प्रत्यक्ष फिटिंग धरून पाडा. ड्रायव्हर त्या भोकातून आत जातो का हे आधी एका तुकड्यावर बघा. लाइट मात्र शेवटचा रंग वाळल्यावर, एकदाच बसवा. काढघाल केली की स्प्रिंगखालचं जिप्सम भुरभुरतं आणि रिंग सैल लोंबते.

दोन ठिकाणी काम थांबवून मला बोलवा: स्लॅबवर आखणी झाल्यावर, आणि फ्रेम, वायरिंग, मेगर झाल्यावर पहिला बोर्ड उचलण्याआधी. खोलीचं माप १० मिमीपेक्षा जास्त वेगळं निघालं तर वरचे आकडे तसेच वापरू नका, फोन करा, नवे काढून देते.

कळावे.