पत्ता कागदावर लिहून घ्या: पहिल्या डेटआधीची तयारी

अति विचार करणाऱ्या माणसाने पहिल्या डेटच्या आधी काय काय करून ठेवावे, याची ही यादी मी एका फसलेल्या भेटीनंतर लिहीत आहे. त्या दिवशी माझी तयारी चोख होती, असे मी समजत होते. कपडे आदल्या रात्री काढून ठेवले होते, निघण्याची वेळ ठरली होती, बोलण्याचे विषयसुद्धा जुळवून ठेवले होते. भेटीचे ठिकाण मात्र चॅटमध्येच होते. मी पन्नास मिनिटे आधी पोहोचले, जागा हीच ना, याची खात्री करण्यासाठी चॅट उघडले आणि अंगठा आपोआप मागे मागे सरकत गेला. तीन आठवड्यांचे संदेश मी पुन्हा वाचून काढले. मंगळवारच्या माझ्या लांबलचक संदेशाला त्याने नुसते ‘ठीक आहे.’ असे उत्तर दिले होते, आणि त्यात पूर्णविराम होता. त्याच्या इतर संदेशांना पूर्णविराम नव्हते. सात वाजेपर्यंत मी त्या पूर्णविरामाचा एवढा कीस काढला की, तो हसत हसत समोर येऊन बसला तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, “तुला यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस.” पुढचा तासभर तो बिचारा आपल्याला यायचे होते हेच पटवून देत राहिला.

म्हणून सर्वांत आधी ठिकाण, वेळ आणि तिथे कसे पोहोचायचे एवढे एका कागदावर लिहून घ्यावे. फोनमध्ये टिपून ठेवू नये, कारण टिपण पाहायला फोन हातात घेतला की चॅट दोन बोटांवर असते. पत्ता बघणे हा चॅट उघडण्याचा अत्यंत सभ्य बहाणा आहे आणि आपले मन नेमक्या अशाच सभ्य बहाण्यांच्या शोधात असते. आदल्या दिवशी एक छोटा संदेश पाठवून भेट पक्की करावी आणि त्यातच ‘उशीर होणार असेल तर थेट फोन कर’ असे सांगून टाकावे. यामुळे ‘काही निरोप आला असेल का’ हा दुसरा बहाणाही संपतो. त्यानंतर भेट होईपर्यंत चॅट बंद. जुने संदेश पुन्हा वाचून नवी माहिती मिळत नाही. तेच शब्द असतात, त्यांत आपली त्या क्षणाची भीती तेवढी मिसळली जाते. धडधडत्या छातीने वाचलेला पूर्णविराम आणि निवांत वाचलेला पूर्णविराम यांचा अर्थ एकच लागत नाही.

कपड्यांबद्दल एकच शब्द: वापरलेले. जागा सार्वजनिक असावी आणि आपण कुठे जात आहोत हे एका माणसाला ठाऊक असावे, हे सांगायलाच नको. भेटीची शेवटची वेळ मात्र आधी ठरवावी आणि समोरच्यालाही कळवावी. ‘मला साडेआठला निघायचे आहे’ हे वाक्य उद्धट नाही. किती वेळ तग धरायचा आहे हे माहीत असले की मन निम्मे शांत होते, आणि गप्पा रंगल्या तर थांबायला कोणी मनाई करत नाही.

आता आदल्या संध्याकाळबद्दल. ‘विचार करू नकोस’ हा सल्ला देणारे स्वतः कधी विचार करत नसावेत. विचार येणारच; त्यांना वेळ आणि जागा नेमून द्यावी. वीस मिनिटांचा गजर लावून एका कागदाच्या डाव्या बाजूला प्रत्येक भीती पूर्ण वाक्यात लिहावी आणि उजव्या बाजूला तसे झालेच तर आपण काय करणार ते लिहावे. माझ्या कागदावर डावीकडे होते, ‘मला बोलायला काही सुचणार नाही.’ त्यासमोर लिहिले, ‘त्याने नुकतेच जे सांगितले त्यावरच पुढचा प्रश्न विचारेन.’ डावीकडे होते, ‘तो येणारच नाही.’ समोर लिहिले, ‘वीस मिनिटे थांबेन, एक फोन करेन, मग घरी जाईन.’ तिसरे वाक्य होते, ‘मी त्याला आवडणार नाही,’ आणि त्यासमोर मला काहीच लिहिता येईना. या पद्धतीचा खरा उपयोग इथेच आहे. ज्या भीतीसमोर कृती लिहिता येते ती तयारीची बाब असते. जिच्यासमोर जागा कोरीच राहते, तो निर्णय आपल्या हातातला नसतो आणि तिच्यावर रात्रभर खल केल्याने तो हातात येतही नाही. तिथे एक आडवी रेघ मारावी. गजर वाजला की कागद घडी घालून ठेवावा, आणि नंतर तोच विचार आला तर ‘हे लिहून झाले आहे’ एवढेच स्वतःला सांगावे. नवी भीती सुचली तर एक ओळ वाढवावी, वीस मिनिटे वाढवू नयेत. आणि याच वेळी पत्त्याचा कागद लिहिला आहे की नाही ते पाहावे. नसेल तर आत्ता उठून लिहावा.

स्वतःशी बोलण्याची रीत हा या यादीतला सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, असे म्हणतात ते उगाच नाही. ‘मी आज नक्की माती खाणार’ हे वाक्य आपण मैत्रिणीला उद्देशून कधीच उच्चारणार नाही, स्वतःला मात्र दिवसातून दहादा ऐकवतो. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये असे आढळले की, ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलण्याऐवजी स्वतःच्या नावाने किंवा ‘तू’ म्हणून बोलणाऱ्यांना त्या प्रसंगी कमी त्रास झाला आणि नंतरही ते त्या गोष्टी कमी उगाळत बसले. त्यातल्या एका प्रयोगात तर अनोळखी व्यक्तीवर पहिली छाप पाडणे हाच प्रसंग होता. मराठीत ही सोय अगदी हाताशी आहे. स्वतःचे नाव घ्यावे, त्याला ‘अगं’ किंवा ‘अरे’ जोडावे आणि मोठी बहीण बोलेल तसे बोलावे: “अगं, तुला धडधडतंय, कारण तुला ही भेट हवी आहे. तुला आत्ता फक्त चालत तिथवर जायचंय.” इथे खोटी स्तुती करू नये. ‘तू एकदम भारी आहेस, सगळे छान होणार’ हे अति विचार करणाऱ्या मनाला पटत नाही, ते लगेच पुरावा मागते आणि वाद सुरू होतो. जे खरे आहे तेच मऊ आवाजात सांगावे. आणि हे वाक्य आदल्या दिवशीच लिहून ठेवावे, कारण ऐन वेळी सौम्य शब्द सुचत नाहीत. कुठे लिहावे? पत्त्याच्याच कागदावर, मागच्या बाजूला.

शरीराचेही थोडे पाहावे. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, कोणाला त्याहून कमी, कोणाला बरेच जास्त. म्हणून सातच्या भेटीसाठी दुपारी दोननंतर चहा-कॉफी टाळावी. रिकाम्या पोटी कडक कॉफी घेऊन आलेली हातांची थरथर आणि भीतीची थरथर आतून सारखीच जाणवते, आणि आपण दोन्हींचा अर्थ ‘मला हे जमणार नाही’ असाच लावतो. थोडे खाऊन निघावे. धीर यावा म्हणून आधी मद्य घेऊ नये. मग पुढच्या भेटीलाही तेच लागते.

शेवटचा तास मी आता असा आखते. सहाला अंघोळ आणि कपडे. सव्वासहानंतर आरसा नाही. पोहोचण्याची वेळ सहा पन्नास, त्याआधी नाही. मागच्या वेळी माझा घात त्या रिकाम्या पन्नास मिनिटांनी केला, आणि त्या पन्नास मिनिटांत मी चॅट उघडू शकले कारण पत्ता तिथे होता, हे मी पुन्हा सांगते आहे याची मला कल्पना आहे. रस्ता मोकळा मिळून लवकर पोहोचलाच, तर बसू नये, चालावे. बसले की हात फोनकडे जातो. चालताना चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सोडावा, असे तीन-चार मिनिटे करावे. लांब उच्छ्वासाने नाडीची गती काहीशी उतरते. पूर्ण शांत होण्याची वाट पाहू नये. धडधड थोडी राहील आणि ती असतानाही बोलता येते. फोन पिशवीच्या तळाशी, कागद खिशात.

समोरासमोर बसल्यावर पाठ केलेले प्रश्न आठवत बसू नये, कारण पुढचा प्रश्न आठवताना आपण चालू उत्तर ऐकत नाही. लक्ष ‘मी कशी दिसते आहे’ याकडे वळले की ते उचलून त्याच्या बोलण्यातल्या एखाद्या तपशिलावर ठेवावे. त्याच्या बहिणीचे नाव काय, तो कोणत्या वर्षाबद्दल बोलतो आहे, एवढेही पुरते. शांतता पडली तर पडू द्यावी.

नंतरचे थोडक्यात. घरी येऊन भेटीची उत्तरतपासणी करू नये. अनोळखी माणसे पहिल्यांदा बोलल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज सरासरी कमीच बांधतात, असे 2018 च्या एका अभ्यासात आढळले आहे. तेव्हा रात्री अकराचा आपला निकाल फारसा विश्वासार्ह नसतो. एक संदेश पाठवावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, झोपावे. भीतीमुळे भेटीच रद्द होऊ लागल्या आणि असे महिनोन्‌महिने चालले, तर कागद पुरणार नाही, समुपदेशकाकडे जावे. आणि पुढच्या भेटीचे ठिकाण कळले की, उत्तर पाठवण्याच्याही आधी, ते कागदावर उतरवून घ्यावे.