क्लाउड होस्टिंगचा एसएलए वाचताना या चुका टाळा

सर्व्हर बंद पडला की लोक एसएलए, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील याचं कंपनीने दिलेलं लेखी आश्वासन, शोधायला धावतात. तेव्हा त्यांना कळतं की जाहिरातीतला ९९.९९ टक्क्यांचा आकडा आपल्याला लागूच नव्हता. प्रत्येक कंपनीचा मसुदा वेगळा असतो, त्यामुळे इथे एकच उदाहरण धरू: अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये (ap-south-1) चालणारा भाड्याचा एक सर्व्हर, ज्याला तिथे ईसी२ म्हणतात. दुसऱ्या कंपनीच्या मसुद्यात आकडे बदलतील, पण खाचाखोचा साधारण याच ठिकाणी सापडतील.

चूक पहिली: मोठा आकडा आपलाच समजणे

ईसी२च्या एसएलएमध्ये दोन वेगळी आश्वासनं आहेत. ९९.९९ टक्के हे रीजन पातळीचं आहे. तुमचे सर्व्हर दोन किंवा अधिक अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे एकाच रीजनमधल्या वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, विभागलेले असतील आणि ते सगळे एकाच वेळी बाहेरून तुटले, तरच त्याचा भंग होतो. एकट्या सर्व्हरसाठी आश्वासन ९९.५ टक्क्यांचं आहे.

हे मिनिटांत मांडलं की फरक कळतो. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.९९ टक्के म्हणजे साधारण सव्वाचार मिनिटांची सूट आणि ९९.५ टक्के म्हणजे २१६ मिनिटं, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. एका सर्व्हरवर दुकान चालवणाऱ्याची साइट महिन्यातून साडेतीन तास बंद राहिली, तरी करार मोडलेला नसतो.

चूक दुसरी: क्रेडिटला भरपाई समजणे

समजा, त्या सर्व्हरचं महिन्याचं बिल ७,००० रुपये आहे आणि १२ जूनला तो सलग पाच तास बंद होता. ३०० मिनिटं गेली, म्हणजे अपटाइम सुमारे ९९.३१ टक्के. ९९.५ च्या खाली पण ९९ किंवा त्याहून वर, म्हणून कंपनीकडून मिळणारी सूट, म्हणजे क्रेडिट, बिलाच्या १० टक्के: ७०० रुपये. ९९ च्या खाली गेलं असतं तर ३० टक्के आणि ९५ च्याही खाली, म्हणजे ३६ तासांहून जास्त बंद, तर १०० टक्के.

हे ७०० रुपये हातात येत नाहीत, पुढच्या बिलातून वजा होतात. त्या पाच तासांत बुडालेल्या ऑर्डरींचा हिशोब कुठेच येत नाही, कारण क्रेडिट हाच एकमेव उपाय असल्याचं करारात लिहिलेलं असतं. धंद्याचं नुकसान एसएलएवर टाकण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. दुसऱ्या झोनमध्ये दुसरा सर्व्हर लावायचा खर्च काढा.

आता तोच पाच तासांचा बिघाड १ जुलैला पहाटे ३ ते सकाळी ८ असा झाला, असं धरा. बिलाचा महिना यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजला जातो आणि आपली घड्याळं साडेपाच तास पुढे आहेत. म्हणजे तिथे बिघाड ३० जूनच्या रात्री ९.३० ला सुरू झाला आणि १ जुलैच्या मध्यरात्रीनंतर २.३० ला संपला. जूनच्या खात्यात १५० मिनिटं, जुलैच्या खात्यात १५० मिनिटं. दोन्ही महिने ९९.५ च्या वर, क्रेडिट शून्य. बिघाड तोच, तासही तेच. म्हणून क्रेडिटसाठी अर्ज करण्याआधी वेळा यूटीसीत मांडून पाहायच्या.

चूक तिसरी: ‘साइट बंद’ आणि ‘सर्व्हर अनुपलब्ध’ एकच मानणे

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. एसएलएच्या व्याख्येत अनुपलब्ध म्हणजे सर्व्हरला बाहेरची जोडणीच नसणे. साइट रखडतेय, डेटाबेस अडकल्याने ती ५०३ एरर देतेय, डिस्क भरलीय, यातलं काहीही त्यात बसत नाही. सिक्युरिटी ग्रुप या फायरवॉलमध्ये चुकून पोर्ट बंद केला, सर्व्हर स्वतः रीबूट केला, आपल्याच सॉफ्टवेअरने मेमरी खाल्ली, हे ग्राहकाच्या बाजूचं म्हणून वगळलेलं असतं. थकलेल्या बिलामुळे खातं गोठवलं, तर तेही वगळण्यातच येतं.

दोष कोणाकडचा हे ओळखायला क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेतले दोन मेट्रिक उपयोगी पडतात. `StatusCheckFailed_System` मध्ये १ दिसला तर खालच्या यंत्राचा, विजेचा किंवा एडब्ल्यूएसच्या नेटवर्कचा प्रश्न असतो. फक्त `StatusCheckFailed_Instance` मध्ये १ असेल तर आधी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क सेटिंग तपासा, कारण अशा वेळी अर्ज टिकणं अवघड असतं.

चूक चौथी: मुदतीवर विसंबून पुरावा घालवणे

अर्जाची मुदत सैल वाटते: घटनेनंतरचं दुसरं बिलिंग चक्र संपेपर्यंत. जूनच्या बिघाडासाठी ऑगस्टअखेर. पण क्लाउडवॉच एक-एक मिनिटाची आकडेवारी १५ दिवसच ठेवतो. नंतर ती पाच-पाच मिनिटांच्या गठ्ठ्यांत आणि ६३ दिवसांनंतर तासांत उरते. २१६ मिनिटांच्या काठावरचा दावा असेल तर मिनिटांचा हिशोब तेव्हा मांडताच येत नाही. बिघाड झाला त्याच आठवड्यात आपल्या सर्व्हरचा आयडी आणि बिघाडाच्या वेळा टाकून ही आज्ञा चालवा आणि निकाल जपून ठेवा:

```
aws cloudwatch get-metric-statistics \
  --region ap-south-1 --namespace AWS/EC2 \
  --metric-name StatusCheckFailed_System \
  --dimensions Name=InstanceId,Value=INSTANCE_ID \
  --start-time 2025-06-12T00:00:00Z \
  --end-time 2025-06-12T12:00:00Z \
  --period 60 --statistics Maximum
```

याच्या जोडीला एडब्ल्यूएसच्या नेटवर्कबाहेरून दर मिनिटाला साइट तपासणारी एखादी सेवा असावी. क्रेडिट आपोआप मिळत नाही. सपोर्ट सेंटरमध्ये केस उघडायची, विषयात `SLA Credit Request` लिहायचं आणि बिलिंग महिना, रीजन, सुरुवात-शेवटाच्या वेळा, सर्व्हरचा आयडी आणि लॉग जोडायचे. लॉगमध्ये ग्राहकांची माहिती असेल तर ती आधी झाका.

चूक पाचवी: खातं बंद केल्यावर डेटा आणू, असं म्हणणे

एसएलएमध्ये याबद्दल काहीच सापडत नाही. ते मुख्य ग्राहक करारात असतं, आणि तो सहसा कुणी उघडत नाही. तिथे लिहिलंय की करार संपल्यावर ३० दिवस डेटा काढून टाकला जाणार नाही, पण सगळी थकबाकी भरली असेल तरच तो नेता येईल. ग्राहकाच्या चुकीमुळे करार कंपनीनेच संपवला असेल तर ही हमी लागू नाही. याशिवाय खातं बंद केल्यावर ९० दिवसांचा काळ मिळतो. त्या काळात खातं पुन्हा उघडून घेता येतं. त्यानंतर उरलेला डेटा कायमचा पुसला जातो. हे ९० दिवस डेटा उतरवून घ्यायला दिलेत असा समज असतो, पण बंद खात्यातून सर्व्हर किंवा स्टोरेज वापरता येत नाही.

म्हणून सगळं आधी उरकायचं. डिस्कचा स्नॅपशॉट फाइलसारखा सरळ डाउनलोड होत नाही. डेटाबेसचा डंप आणि फाइल्सची प्रत घ्यावी लागते, आणि ती दुसरीकडे उघडून पाहावी लागते. केएमएस या एडब्ल्यूएसच्या की सांभाळणाऱ्या सेवेतली एन्क्रिप्शन की सगळ्यात शेवटी काढा. ती पुसण्याआधी ७ ते ३० दिवसांची वाट असते, पण एकदा गेली की त्या कीने बंद केलेला बॅकअप कुणालाच उघडता येत नाही.

भारतातल्या कंपन्यांसाठी आणखी एक अडचण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि कंपनी कायद्यानुसार हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं. होस्टिंग कंपनीचे ९० दिवस यातल्या कशालाच पुरत नाहीत. लॉगची प्रत भारतातच दुसऱ्या ठिकाणी गेल्याशिवाय खातं बंद करण्याच्या बटणाला हात लावू नका.