फोटोतल्या आकृतीवरून स्टॅक आणि क्यू कसा सोडवावा

परीक्षेच्या आदल्या रात्री ऐरोलीहून एका विद्यार्थिनीचा फोटो आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मैत्रिणीच्या वहीचं पान तिने ठाण्याहून परतताना गाडीतच टिपलं होतं. खाली तिचा मेसेज: "ताई, दुसऱ्याच पायरीला ओव्हरफ्लो येतोय. मग पुढच्या पाच पायऱ्या दिल्या कशाला?" शंका अगदी रास्त होती. उत्तर फोटोत नव्हतं, फोटोच्या कडेबाहेर होतं. तेच उदाहरण घेऊन हे काम कसं करायचं ते सांगते.

आधी फोटो नीट वाचा

आकृतीत पाच घरांचा उभा स्टॅक `S` आणि पाच घरांचा आडवा क्यू `Q` होता. घरांना 0 ते 4 असे क्रमांक होते. सर्वात आधी हे क्रमांक शोधा, कारण फोटो सुलटा आहे की नाही हे तेच सांगतात. पान उलटं धरलं तर इंग्रजी सहाचा नऊ होतो, आणि एक आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं. तिने स्टॅकच्या 1 क्रमांकाच्या घरात सहा वाचला होता. क्रमांक सरळ दिसतील असा फोटो फिरवल्यावर तो नऊ निघाला.

मग बाण पाहा. टॉपचा बाण 2 क्रमांकाच्या घरावर होता, म्हणजे स्टॅकमध्ये तीन आकडे. टॉप म्हणजे "वरचं घर" असं मानू नका. काही आकृत्यांत 0 क्रमांकाचं घर वर काढलेलं असतं आणि स्टॅक खालच्या दिशेने वाढतो. टॉप कुठे आहे ते बाण सांगतो.

क्यूमध्ये फ्रंटचा बाण घर 2 वर आणि रिअरचा घर 4 वर होता. आता खरा प्रश्न: क्यू सरळ आहे की वर्तुळाकार? सरळ असेल तर रिअर शेवटच्या घरात पोहोचला की मागची घरं रिकामी असूनही नवीन आकडा घेता येत नाही, ओव्हरफ्लोच येतो. तिचं तेच झालं होतं. मी म्हटलं, "पानाची उजवी कड दिसेल असा फोटो पुन्हा मागव." नव्या फोटोत शेवटच्या घरापासून पहिल्या घराकडे वळणारा बाण दिसला. क्यू वर्तुळाकार होता, बाण फोटो काढताना कापला गेला होता. म्हणून एक पक्की खूण लक्षात ठेवा: प्रश्नात मध्येच ओव्हरफ्लो येत असेल आणि पुढे बऱ्याच पायऱ्या उरल्या असतील, तर आधी फोटोच्या कडा तपासा.

सुरुवातीची स्थिती स्वतःच्या हाताने उतरवा

फोटोकडे बघत मनातल्या मनात सोडवू नका. रिकाम्या घरासाठी रेघ मारा आणि अशा दोन ओळी लिहा:

```
S: 14  9 23  _  _   TOP=2
Q:  _  _ 31  8 17   FRONT=2 REAR=4
```

करायच्या क्रिया या होत्या:

```
1. x = POP(S)
2. ENQUEUE(Q, x)
3. PUSH(S, 50)
4. y = DEQUEUE(Q)
5. PUSH(S, y)
6. ENQUEUE(Q, 6)
7. ENQUEUE(Q, 72)
```

एकेक पायरी

पहिल्या पायरीत स्टॅकच्या टॉपवरचा २३ बाहेर येतो आणि `x` मध्ये जातो. टॉप एकने खाली.

```
S: 14  9  _  _  _   TOP=1
Q:  _  _ 31  8 17   FRONT=2 REAR=4
```

इथे एक बारकावा. संगणकाच्या मेमरीत तो २३ घर 2 मध्ये तसाच पडून असतो, पॉप फक्त टॉप कमी करतो. पण टॉपच्या पलीकडचं काहीही स्टॅकचा भाग नसतं, म्हणून आकृतीत आपण घर रिकामं दाखवतो. कुणाच्या वहीत तिथे जुना आकडा दिसला तर तो मोजू नका.

दुसऱ्या पायरीत २३ क्यूत जातो. रिअरची नवी जागा `(4 + 1) % 5`, म्हणजे 0.

```
S: 14  9  _  _  _   TOP=1
Q: 23  _ 31  8 17   FRONT=2 REAR=0
```

विद्यार्थी सर्वात जास्त गोंधळतात ते इथेच. २३ डावीकडे पहिला दिसतो, म्हणून तोच आधी बाहेर येईल असं वाटतं. पण रांग फ्रंटपासून वाचायची: ३१, ८, १७ आणि मग २३. मी प्रत्येक पायरीला घरांच्या ओळीखाली ही रांगही वेगळी लिहायला लावते.

तिसऱ्या पायरीत ५० स्टॅकवर, टॉप पुन्हा 2. पडून राहिलेला जुना २३ आता खरोखर पुसला गेला.

```
S: 14  9 50  _  _   TOP=2
Q: 23  _ 31  8 17   FRONT=2 REAR=0
```

चौथ्या पायरीत क्यूतून फ्रंटचा ३१ निघतो आणि फ्रंट 3 होतो. रिअर हलत नाही, बाकीचे आकडेही पुढे सरकत नाहीत. रिक्षाच्या रांगेत माणसं सरकतात, इथे फक्त बाण सरकतो.

```
S: 14  9 50  _  _   TOP=2
Q: 23  _  _  8 17   FRONT=3 REAR=0
```

पाचवीत तो ३१ स्टॅकवर जातो.

```
S: 14  9 50 31  _   TOP=3
Q: 23  _  _  8 17   FRONT=3 REAR=0
```

सहावीत ६ क्यूत, रिअर 1.

```
S: 14  9 50 31  _   TOP=3
Q: 23  6  _  8 17   FRONT=3 REAR=1
```

सातवीत ७२ येतो, रिअर 2 आणि क्यू भरला. रांग: ८, १७, २३, ६, ७२.

```
S: 14  9 50 31  _   TOP=3
Q: 23  6 72  8 17   FRONT=3 REAR=2
```

आता `(REAR + 1) % 5` बरोबर फ्रंट येतो. क्यू भरल्याची खूण हीच, म्हणून आठवी एनक्यू दिली असती तर तिथे खरा ओव्हरफ्लो आला असता.

उत्तर तपासायचं कसं

नुसते आकडे मोजा. स्टॅकमध्ये सुरुवातीला तीन होते, दोन आले, एक गेला, म्हणजे चार हवेत. क्यूत तीन होते, तीन आले, एक गेला, म्हणजे पाच. दोन्ही जुळतात. संख्या जुळली नाही तर एखादी क्रिया सुटली आहे किंवा दोनदा झाली आहे. संख्या जुळूनही क्रम चुकू शकतो, त्यासाठी खाली लिहिलेली रांग पाहा: नवा आकडा नेहमी तिच्या शेवटी जोडला जायला हवा आणि जाणारा नेहमी सुरुवातीचा असायला हवा.

एक पद्धत मात्र वेगळी आहे. काही ठिकाणी फ्रंटचा बाण पहिल्या आकड्यावर नसून त्याच्या आधीच्या रिकाम्या घरावर दाखवतात. आपल्या आकृतीत तो तसा असता तर सुरुवातीला फ्रंट 1 असता. या पद्धतीत एक घर मुद्दाम रिकामं ठेवतात, त्यामुळे पाच घरांत चारच आकडे मावतात. चौथ्या पायरीनंतर फ्रंट 2 होतो, सहावीनंतर रिअर 1, आणि सातवीला रिअरचं पुढचं घर फ्रंटचंच निघतं. म्हणजे ७२ आत जातच नाही. प्रश्न तोच, पण शेवटचं उत्तर वेगळं. म्हणून फोटोत फ्रंटचा बाण भरलेल्या घराला टेकतो आहे की रिकाम्या, हे मोठं करून पाहा आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहून टाका. तिने तसंच लिहिलं: "फ्रंट पहिल्या घटकावर, क्यू वर्तुळाकार", आणि मग सातही पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून काढल्या.