सिम पळवून खातं रिकामं होतं: या चुका टाळा

रात्री साडेदहाला माझ्या मित्राच्या फोनची रेंज गेली. टॉवरचा घोळ असेल म्हणून तो झोपला. सकाळी क्रिप्टो एक्सचेंजवरचं खातं रिकामं होतं, आणि गडी पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण मी तर लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावलं होतं!"

झालं असं. चोराने त्याच्या नावाने मोबाइल कंपनीला 'सिम हरवलं' सांगून नंबर आपल्या सिमवर चालू करून घेतला. मग ईमेलवर 'पासवर्ड विसरलात' दाबलं, एसएमएसचा कोड चोराच्याच फोनवर आला. ईमेल हाती आल्यावर एक्सचेंजचा पासवर्डही बदलला. आता एक्सचेंजने अ‍ॅपमधला कोड मागितला. चोर इथे अडायलाच हवा होता.

कारण अ‍ॅप जोडताना क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून अ‍ॅप साधारण दर ३० सेकंदांनी नवा कोड काढतं. तो कोड तुमच्याकडे कुठून पाठवला जात नाही, त्यामुळे नंबर पळवून हाती लागत नाही. एसएमएस मात्र नंबर ज्या सिमवर चालू असेल तिथेच जातो.

पण मित्राने त्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. फोटो आपोआप क्लाउडवर जात होते, आणि क्लाउडचं खातं त्याच ईमेलचं. चोराने तो स्कॅन केला, आणि त्याच्या फोनवरही तेच कोड दिसू लागले.

दोन मिनिटं वाचवणारा हा स्क्रीनशॉट मला अजिबात खपत नाही. मी किल्लीची अक्षरं कागदावर लिहून कुलपात ठेवतो. अ‍ॅपची क्लाउड बॅकअपची सोयही बंद ठेवतो.

दुसरी चूक म्हणजे अ‍ॅप लावूनही एसएमएसचा पर्याय चालू ठेवणं. 'अ‍ॅप उपलब्ध नाही? एसएमएस पाठवा' असं बटण लॉगिनवर दिसलं, तर चोर तेच दाबणार. आधी ईमेल आणि मग एक्सचेंज, दोन्हींच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं परत मिळवण्याच्या पर्यायांतून नंबर काढा. नवशिके एक्सचेंजवर अ‍ॅप लावून थांबतात, ईमेल तसंच उघडं राहतं.

अ‍ॅपचा कोड खोट्या साइटवर टाकलात, तर तोही तेवढ्या सेकंदांत वापरला जातो. पत्ता नीट वाचा.

कोड चुकीचा येतोय? बहुधा फोनची वेळ पुढे-मागे झालेली असते, ती आपोआप जुळण्यावर ठेवा.

अचानक रेंज गेली, फोन बंद-चालू करूनही आली नाही आणि शेजारी त्याच कंपनीचा फोन चालतोय, तर झोपू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करा. वायफायवरून एक्सचेंजचं खातं गोठवा, मग ईमेलचा पासवर्ड बदलून सगळीकडची लॉगिन तोडा.